पॉझवाले सर

सर पंधरा वर्षं चाकणच्या कंपनीत क्वालिटीत होते. मग मोशीत दहावी-बारावीचे क्लास काढले, पण हातातला व्हर्नियर काही सुटला नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार: ओके आणि रिजेक्ट. फेसबुकच्या जाहिरातीही त्याच टेबलावर आल्या.

रात्री साडेअकराला फोन. "दोन नंबरची पॉझ केली रे. दोनशे दहा गेले, लीड शून्य."

"सर, सकाळीच सुरू केली ना? एक लीड तीनशेला पडणार असेल, तर दोनशेत शून्यच दिसणार. नऊशे-हजार जाऊ द्या, मग बोलू."

सर कुरकुरत पुन्हा चालू करतात. पहिला पीस मोजून अख्खा लॉट फेकणारा माणूस कंपनीत टिकला कसा, हे मला कोडंच आहे.

यंदा दोन जाहिराती होत्या. एकीत हार घातलेला टॉपर. दुसरीत खुद्द सर, फळ्यापुढे, हात कमरेवर. खाली फी, पत्ता आणि 'पालकभेट गुरुवारी', कारण इकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. टॉपरचा सीटीआर साडेतीन टक्के, म्हणजे शंभरदा दिसली की साडेतीन क्लिक. सरांचा पाऊण. सर दोन दिवस चहाला आले नाहीत.

मी रकान्याचं नाव वाचायला लावलं: `CTR (all)`. त्यात लाइकही मोजतात आणि फोटो मोठा करून बघणंही. हार बघायला आलेलेच फार! फॉर्मकडे नेणारे क्लिक वेगळे काढले, तर टॉपर एका टक्क्यावर आला.

"पण लीड स्वस्त आहे ना!" सर म्हणाले. खरंच होतं. साडेचार हजारांत पन्नास, म्हणजे नव्वदला एक. सरांच्या फोटोवर बेचाळीसशेत चौदा, तीनशेला एक. सरांनी जड मनाने स्वतःलाच पॉझ करायला बोट उचललं.

"थांबा. फोनची वही आणा."

वहीत खरी गंमत. पन्नासांतल्या निम्म्यांनी फोनच उचलला नाही. फॉर्ममध्ये नंबर आपोआप भरलेला येतो, बोट लागलं की गेला. नऊ जणांनी विचारलं, "भरती कुठल्या कंपनीत आहे?" डेमोला चार आले, प्रवेश एक: साडेचार हजारांचा. चौदांतले सात डेमोला आले, चौघांनी प्रवेश घेतला. एक साडेदहाशेला पडला. चार हा आकडा नशिबाचाही असू शकतो, म्हणून आणखी दोन आठवडे तीच चालवायची आणि टॉपरला विश्रांती द्यायची, असं ठरलं.

फी आणि गुरुवार आधीच वाचल्यामुळे बघे गळले, हे मी नीट समजावलं. सरांनी त्यातलं 'फोटो जिंकला' एवढंच ऐकलं.

काल नवी जाहिरात लागली. सरांचा फोटो दुप्पट मोठा. फी आणि गुरुवार काढलेत. जागा पुरत नव्हती म्हणे.