साडेतीन धरू?

एका रात्री पावणेदहाला फोन वाजला आणि नमस्कार-चमत्काराच्या आधीच पलीकडून प्रश्न आला, "तुमचे साडेतीन धरू ना?"

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. एडिसनमध्ये असेल, नसेल तर डॅलसमध्ये किंवा लंडनच्या वेम्बलीत असेल. मुलाचं लग्न डिसेंबरात पुण्यात दणक्यात लावून येतो आणि 'ज्यांना तिकडे येणं जमलं नाही त्यांच्यासाठी' जूनमध्ये इकडे रिसेप्शन ठेवतो. आमच्या या मित्राला आम्ही गेली पंचवीस वर्षं वेगळ्याच नावाने ओळखत होतो. गेल्या तीन महिन्यांत त्याचं नाव साडेसाहेब पडलं.

निमंत्रण आलं तेव्हा तो अजून साधा माणूस होता. व्हॉट्सअ‍ॅपवर सनई लावलेला व्हिडिओ, त्यात उलगडणारा शेला, शेल्यातून निघणारा मोर, मोराच्या पिसाऱ्यात तारीख: १४ जून, शनिवार, संध्याकाळी सहा. खाली आपल्या लोकांनी अमेरिकेत लावलेला शोध, 'नो बॉक्स्ड गिफ्ट्स'. आपल्याकडे 'आहेर आणू नये' म्हणजे आहेर आणू नये. इथे 'खोक्यातला आहेर नको' म्हणजे पाकिटातला चालेल, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. त्या पाकिटात एकशे एक डॉलर घालायचे, तर वरच्या एकासाठी सुटी नोट शोधताना निम्मं घर उलथंपालथं होतं, कारण इथे आता रोख कोण बाळगतो!

आता खरं सांगायचं तर आम्ही लग्न चुकवलं असं म्हणताच येत नाही. मुहूर्त पुण्यात सकाळी ११ वाजून ४३ मिनिटांचा. म्हणजे न्यू जर्सीत रात्रीचे १ वाजून १३ मिनिटं. ही आणि मी पायजम्यात, पांघरूण गुंडाळून, लॅपटॉपसमोर बसलो होतो. मंगलाष्टकं चालू असताना फोटोग्राफरची पाठ आम्हाला इतक्या जवळून दिसली की त्याच्या शर्टाची शिवण कुठे उसवली होती हेही मी सांगू शकतो. 'सावधान' झालं, आम्ही घरातल्या घरात दोन दाणे उडवले आणि झोपलो. प्रत्यक्ष जायचं तर डिसेंबरातली चार तिकिटं, रजा, मुलांची शाळा. नवऱ्यामुलाच्या ऑफिसातल्या मित्रांची अडचण आणखी वेगळी. ज्यांच्या पासपोर्टावरचा एच-१बीचा शिक्का संपलेला, ते देशाबाहेर गेले तर मुंबईच्या वकिलातीची तारीख मिळेपर्यंत तिकडेच. मित्राच्या लग्नात नाचायला जाऊन नोकरी अडकवून घ्यायची हिंमत कुणालाच नव्हती. एवढ्या सगळ्यांना लग्न नाही तर नाही, निदान जेवण तरी घालावं, असं साडेसाहेबाच्या मनात आलं. इथपर्यंत हेतू शुद्ध होता.

मग हॉलचा करार आला.

हॉलवाल्याचं म्हणणं साधं होतं. ताट ८५ डॉलरचं, त्यावर २० टक्के सर्व्हिस चार्ज, वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर. म्हणजे माणूस खुर्चीत टेकला की १०८ डॉलर ७६ सेंट. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते अकरा अर्धं ताट, बारा पूर्ण झाली की पूर्ण. अंतिम आकडा दहा दिवस आधी द्यायचा. नंतर तो वाढवता येईल, कमी करता येणार नाही. न आलेल्याचेही १०८ डॉलर ७६ सेंट द्यावे लागणार.

त्या दिवसापासून त्याला माणसं दिसेनाशी झाली. अपूर्णांक दिसू लागले. "कुलकर्ण्यांचे अडीच. देशपांडे साडेचार, सासूबाई धरून. जोशींची जुळी शून्यात." मराठी मंडळाच्या गणपतीत वीस वर्षं एकत्र मोदक वळलेल्या माणसांना तो दीडकी-अडीचकीच्या भाषेत हाक मारू लागला. आमच्या धाकट्याचा बारावा वाढदिवस १२ जूनला होता. हे कळल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती. "म्हणजे दहाला रिसेप्शन असतं तर अर्धा आणि चौदाला पूर्ण?" पुढे तो जे काही बोलला त्याचा अर्थ, पोराला जन्माला यायला तीन दिवस उशीर करता आला नाही का, असाच होता. तरी सवयीने तो आम्हाला साडेतीनच म्हणत राहिला. आशा असावी.

यात आपल्या लोकांचीही चूक आहे, हे मी मान्य करतो. निमंत्रणाखाली 'येणार' आणि 'येणार नाही' अशी दोन बटणं होती. मराठी माणूस यातलं एकही दाबत नाही. 'येणार नाही' दाबणं म्हणजे अपमान आणि 'येणार' दाबणं म्हणजे करार. तो फोन करून सांगतो, "बघतो." साडेसाहेबाने तीन महिने अभ्यास करून याचा तक्ता बसवला होता. 'बघतो' म्हणजे अर्धी शक्यता. 'नक्की प्रयत्न करतो' म्हणजे येणार नाही. 'अरे, हे काय विचारणं झालं!' म्हणजे पाऊण. काहीच उत्तर नाही म्हणजे सर्वांत धोका, कारण अशी माणसं हमखास येतात आणि येताना पाहुणे घेऊन येतात. जून म्हणजे इथे आईवडिलांचा मोसम. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आजी-आजोबा घरोघर असतात, आणि त्यांना शनिवारी संध्याकाळी घरी एकटं ठेवून श्रीखंड खायला जायचं कुणाच्या घशाखाली उतरेल? त्यात जूनचे शनिवार म्हणजे बारावी पास झालेल्या पोरांच्या ग्रॅज्युएशन पार्ट्या. "तिकडे तोंड दाखवून येतो" म्हणणाऱ्याला किती धरायचं? त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "पाव धर." त्याने खरंच लिहून घेतलं.

मसालेभाताचं प्रकरण स्वतंत्र आहे. पुण्याच्या लग्नात मसालेभात कसा झाला होता, हे आम्हाला 'तुम्ही नव्हतात ना!' या प्रस्तावनेसह सात-आठ वेळा ऐकावं लागलं होतं. तेव्हा इथेही तोच हवा. कॅटरर पंजाबी, भला माणूस. पहिल्या चवीच्या दिवशी त्याने टोमॅटो आणि पनीर घातलेला एक लालभडक प्रकार पुढे ठेवला. साडेसाहेबाने खिशातून स्टीलची डबी काढली. आईने पुण्याहून दिलेला गोडा मसाला. दुसऱ्या खेपेला मसाला बरोबर, पण तोंडली फ्रोजन. ती तशीच भातात घातल्यावर त्यांनी एवढं पाणी सोडलं की भाताची खिचडी झाली. तिसऱ्या खेपेला याने हट्टाने आंबेमोहोर नेला. चव लागली, डोळे मिटले गेले, आणि मग कॅटररने शांतपणे ते भांडं तासभर बुफेच्या मेणबत्तीवर ठेवून दाखवलं. झाकणाखालच्या वाफेने भाताचा असा गोळा झाला की चमचा उभा राहिला. आंबेमोहोर पंगतीचा तांदूळ. टोपातून थेट पानात पडायचा. दोन तास झाकून ताटकळणं त्याच्या स्वभावात नाही. शेवटी तह झाला: तांदूळ बासमती, तोंडली आधी वितळू देऊन, पाणी निथळून, वेगळी तेलात परतून शेवटी मिसळायची, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि तुपाची धार. कॅटररने विचारलं, किती लोकांसाठी? "एकशे साडेएक्क्याऐंशी," हा म्हणाला. त्या भल्या माणसाने दोनदा कान खाजवला.

अक्षतांचंही असंच. लग्नात उरलेल्या अक्षता याने आठवण म्हणून सामानात घातल्या होत्या. विमानतळावर त्या पकडल्या गेल्या. भारतातून तांदूळ आणता येत नाही, त्यातून खापरा नावाचा किडा येतो. अधिकाऱ्याने विचारलं, हे कशासाठी? याने खरं सांगितलं, लोकांच्या डोक्यावर टाकण्यासाठी. अक्षता कचऱ्यात गेल्या. रिसेप्शनसाठी इथल्याच दुकानातले तांदूळ हळदकुंकवात कालवले.

४ जूनला तो यादी घेऊन माझ्याकडे आला. लांबलचक तक्ता, हिरव्या-पिवळ्या रांगा. १७४ पूर्ण, १५ अर्धे. पहिल्याच ओळीत टेबल क्रमांक एकपुढे '१' होता आणि नावाची जागा रिकामी. मी विचारलं, हा कोण? "असू दे. धरलाय," तो म्हणाला. मला वाटलं, फोटोग्राफर. करारात त्यालाही जेवू घालायचं होतं.

१४ जूनला थोडी गळती, थोडी भरती होऊन माणसं जवळजवळ तेवढीच आली. आमचा धाकटा दोन दिवसांपूर्वीच पूर्ण झाल्याने पूर्ण ताटावर बसला. डीजेने आपल्या मनाने भांगडा लावला. मठ्ठ्याचे ग्लास बारवर ठेवलेले पाहून बारटेंडरने प्रत्येकाच्या काठावर लिंबाची चकती खोचली. मसालेभात मी दोनदा घेतला. त्याला हे सांगितलं नाही, तो कुठेतरी लिहून ठेवील.

सात वाजता सहज पहिल्या टेबलाकडे गेलो. रिकाम्या खुर्चीपुढे ताट वाढलेलं होतं. मसालेभात, अळूवडी, श्रीखंड, मीठ-लिंबूसुद्धा जागच्या जागी. मठ्ठ्याच्या ग्लासाला टेकवून फोन उभा केला होता आणि फोनमध्ये त्याची आई. वय अठ्ठ्याऐंशी. तिला विमानात बसवत नाही, म्हणूनच तर लग्न पुण्यात लावलं होतं. तिकडे पहाटेचे साडेचार. केस विंचरलेले, नऊवारी, खांद्यावर शाल, मागे देवघरातला दिवा. वाढपी ताट उचलायला वाकला तर साडेसाहेबाने त्याचा हात धरला. "राहू दे. त्याचे पैसे दिलेत."

या बाईने त्याला लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करायला लावल्याचं तो नेहमी सांगतो. फोनमधून तिने आधी सून पाहिली, मग ताट पाहिलं, भात मोकळा झालाय म्हणाली. मग विचारलं, "किती पानं झाली रे?"

मी मुद्दाम थांबलो. एकशे साडेएक्क्याऐंशी हा आकडा मला आता झोपेतही येत होता.

"एकशे एकोणनव्वद," तो म्हणाला. "तुझं धरून."