दीड टन आणि बावीस फूट

एसीच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती टनाचा बघताय साहेब?" ज्याने जन्मात ऊस किंवा कोळसा विकत घेतलेला नाही अशा माणसाला टनांत बोलायची ही एकमेव संधी. आपणही छाती किंचित फुगवून म्हणतो, "दीड." का दीड, हे मात्र कुणी विचारू नये.

खरं तर विचारायला हवं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता एक टनाचा एसी खोलीतून बाहेर काढतो. ठोकताळा असा, की साधारण शंभर-एकशेवीस चौरस फुटांपर्यंत एक टन पुरतो आणि त्यापुढे एकशेऐंशीपर्यंत दीड लागतो. आमची झोपायची खोली दहा बाय बाराची, म्हणजे बरोब्बर सीमेवर. पण ती पुण्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि तिची लांब भिंत पश्चिमेला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत ती उष्णता हप्त्याहप्त्याने खाली सोडत बसतो. हीच खोली दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला असती, तर एका टनात भागलं असतं. दीड टन लागतो तो माणसांना नव्हे, स्लॅबला.

दीड म्हणजेही प्रत्येक दुकानात दीडच असं नाही. पक्का दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅटच्या आसपास, पण पावणेपाच किलोवॅटचं यंत्रही त्याच नावाने त्याच रांगेत उभं असतं. ताऱ्यांच्या पट्टीवर थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. ती वाचायला चष्मा लागतो. दुकानदार "घ्या ना, बसून बोलू" म्हणतो तो नेमका याच वेळी.

आता तारे. माझा मेहुणा डोंबिवलीचा. त्याने फोनवर निकाल देऊन टाकला, "भावोजी, इन्व्हर्टर, फाइव्ह स्टार. डोळे मिटून घ्या." मी उघडेच ठेवले. हल्ली दुकानातले बहुतेक स्प्लिट एसी इन्व्हर्टरच असतात, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो. जुना कॉम्प्रेसर एक तर पूर्ण जोरात चाले, नाहीतर बंद पडे. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली गार झाल्यावर वेग कमी करून चालत राहतो. बचत होते ती या रेंगाळण्यात. म्हणून टन कमी घेतला, किंवा दार सतत उघडं राहिलं, तर बिचाऱ्याला रेंगाळायची सवडच मिळत नाही. तो रात्रभर पळत राहतो आणि ताऱ्यांचे पैसे फुकट जातात.

उरला प्रश्न तीन की पाच ताऱ्यांचा. पट्टीवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. मी बघत होतो त्या दोन यंत्रांपैकी तीन ताऱ्यांचं वर्षाला हजार युनिट खाणारं आणि पाच ताऱ्यांचं ७८० युनिट. किमतीत फरक ७००० रुपयांचा. मेहुण्याकडे मार्च ते ऑक्टोबर घामाच्या धारा. आठ महिने, रोज आठ तास धरले तर १९०० तासांच्या वर जातात. त्याचे दोनशे साठेक युनिट वाचतील. एसीमुळे बिल वरच्या टप्प्यात चढतं, म्हणून वाचलेलं युनिट सगळे आकार धरून १५ रुपयांचं समजू. वर्षाला जवळजवळ ४००० रुपये होतात, म्हणजे दोन वर्षांच्या आत फरक वसूल. तो डोळे मिटून बरोबर बोलत होता, पण डोंबिवलीपुरतं.

आमच्याकडे मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, रात्री सहा तास. म्हणजे साडेपाचशेच्या आसपास तास. पावसाळा लागला की खिडक्या उघडतात आणि एसीवर आईचा टॉवेल वाळत पडतो. याच हिशेबाने वाचतात पंचाहत्तर युनिट, साधारण ११०० रुपये. सात हजार वसूल व्हायला सहा वर्षांच्या वर लागतात, तेही मधे सर्किट बोर्ड गेला नाही तर. मी तीन तारे घेतले. मेहुण्याने दोन दिवस फोन केला नाही.

पण दुकानातली ही सगळी घासाघीस म्हणजे मंगल कार्यालयाचं भाडं ठरवण्यासारखी. जनरेटर, भांडी, सफाई यांचा कागद नंतर निघतो. ३८,००० रुपयांचा एसी घरी आला आणि बसवणाऱ्या मुलाने टेप काढली. इनडोअर पलंगासमोरच्या भिंतीवर, आउटडोअर मागच्या डक्टमध्ये, कारण सोसायटीला दर्शनी बाजूला डबे चालत नाहीत. वाकणं-वळणं धरून अंतर भरलं बावीस फूट. खोक्यात तीन मीटर पाइप, म्हणजे जेमतेम दहा फूट. "बारा फूट एक्स्ट्रा काका, तीनशे रुपये फूट." झाले ३६००. आउटडोअरचा स्टँड ९००, भिंतीला भोक ६००, फिटिंगचे १५००. आणि वायरिंग! खोलीतल्या जुन्या पॉइंटवर एसी लावणं म्हणजे वायर गरम करत बसणं. मेन बोर्डापासून चार एमएमची वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, याचे ३६५०. बेरीज १०,२५०. पाच ताऱ्यांवर वाचवलेले सात हजार भिंतीत गेले, वर सव्वातीन हजार घेऊन.

पाइप वाचवायचा मार्ग होता. इनडोअर डक्टच्याच भिंतीवर लावला तर अंतर आठ फूट. पण मग झोत थेट तोंडावर, म्हणून पलंग फिरवायचा आणि डोकं उत्तरेला करायचं. आई एवढंच म्हणाली, "मी असेपर्यंत नाही." उत्तर दिशेची किंमत ३६०० रुपये, हे मला त्या दिवशी कळलं.

खरेदी करणाऱ्याने घरातून निघण्याआधीच टेप लावावी असं माझं मत आहे. दोन डबे कुठे बसणार, अंतर किती, मेन बोर्ड कुठे, हे कागदावर उतरवावं आणि पाइप तांब्याचाच ना, फुटाला किती, हे बिल फाडण्यापूर्वी विचारावं. त्या घटकेला आपला शब्द चालतो. भिंतीला अर्धं भोक पडल्यावर तीनशेचे दोनशे होत नाहीत.

आणि पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट. पाइप जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढावी लागते, पंधरा-वीस मिनिटं तरी. घाईतला माणूस पंप आणतच नाही. थोडा गॅस फुस्सकन सोडतो आणि "झाली हवा साफ" म्हणतो. एसी त्या दिवशी गारच करतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात सावकाश आपलं काम करत राहते. आमच्याकडे आलेल्या त्या बसवणाऱ्या मुलाच्या पिशवीत पंप नव्हता. मी चहा पुढे केला आणि म्हटलं, "पंप येईपर्यंत बसू की." त्याने माझ्याकडे, मग चहाकडे बघितलं आणि मित्राला फोन लावला. पंप पाऊण तासाने आला. नंतर जोडांवर साबणाचं पाणी लावून बघितलं, एका नटावर बुडबुडा आला. तो नट पुन्हा आवळला.

हा सगळा वेळ आई दारात उभी होती. एसी सुरू झाला, चोवीसचा आकडा दिसला. तिने आत येऊन एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "गार आहे. आता तो पंखा पण लाव."

लावला. तेव्हापासून सव्वीसवर ठेवतो आणि पंखा एकवर. बिलाच्या दृष्टीने हेच स्वस्त पडतं, पण ते मी मेहुण्याला सांगितलेलं नाही.