वीस अधिक दहा बरोबर अठ्ठावीस

आषाढ लागला की लक्ष्मी रोडवर दोन गोष्टी कोसळतात, पाऊस आणि भाव. यंदा आम्ही भिजलो ते '२०% + १०%' अशा फलकाखाली.

साडी ४००० रुपयांची. दारातच हिने हिशेब केला : तीस टक्के गेले, म्हणजे २८००. गल्ल्यावर आकडा आला २८८०.

"ऐंशी रुपये जास्त लावलेत," मी म्हणालो.

"नाही साहेब. आधी वीस टक्के, राहिले ३२००. दहा टक्के या ३२०० वर."

"मग आधी दहा काढा, नंतर वीस!" आपण पेच टाकला या थाटात मी.

त्याने शांतपणे कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. दहा काढले, ३६००. त्यातून वीस काढले, २८८०. टक्के कुठूनही काढा, उरतं तेवढंच. कारण फलकावर अधिकाचं चिन्ह असलं तरी आत गुणाकार चालू असतो. शंभरातले ऐंशी उरतात आणि त्या ऐंशीतले नव्वद टक्के, म्हणजे ७२. सूट अठ्ठावीसच. तीस हवी असेल तर दोन्ही टक्के छापील किमतीवरच धरायला हवेत. पण 'कशावर' हा शब्द लिहायला फलकावर जागा उरत नाही. शेजारच्या दुकानात तर '५०% + ५०%' होतं. एक आजोबा रिकाम्या हाताने, प्रसन्न चेहऱ्याने आत शिरताना दिसले. त्यांना पाऊण सूट मिळाली असेल. त्या दुकानाने आणखी दहा पन्नास जोडले तरी साडी फुकट व्हायची नाही. अर्ध्याचं अर्धं करत शेवटी पदराची दशी तरी विकत घ्यावीच लागेल.

क्रमाने फरक पडत नाही हे पटल्यावर मी गाफील झालो आणि हिने पर्समधून ५०० रुपयांचं कूपन काढलं.

"२८८० मधून पाचशे, २३८०," ती म्हणाली.

"नाही वहिनी, कूपन आधी लागतं. कॉम्प्युटरच घेतो तसं."

कॉम्प्युटरने ४००० मधून ५०० काढले आणि उरलेल्या ३५०० वर दोन्ही सुटी दिल्या. बिल २५२०. मघाशी निरुपद्रवी असलेला क्रम १४० रुपये गिळून बसला. टक्क्यांत रुपये मिसळले की असंच होतं : आमच्या पाचशेच्या कूपनालाही अठ्ठावीस टक्के सूट लागली आणि ते ३६० चं झालं! गिऱ्हाईकाने कूपन शेवटी लावावं, दुकानदाराने आधी. कूपनाच्या मागे बारीक अक्षरांत पाच अटी होत्या, त्यांत ही नव्हती.

"क्रम कोण ठरवतं?" मी विचारलं.

"सिस्टीम," तो म्हणाला, आणि वर पाहिलं. वर पंखा होता.

बिल घरी येऊन नीट वाचलं. २५२०, आणि खाली कागदी पिशवीचे १०. एकूण २५३०. तिथे मात्र अधिक म्हणजे अधिकच होतं.