असल्यास

माझ्या तक्रारीला रुग्णालयाकडून आलेलं उत्तर मराठी गद्याचा आदर्श नमुना आहे. वडिलांचं सलाईन शिरेबाहेर जाऊन रात्री हात कोपरापर्यंत सुजला होता. उत्तर असं: ‘आपली गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. सर्व उपचार नियमानुसार झाले आहेत. कर्मचाऱ्यांना योग्य त्या सूचना दिल्या आहेत.’ त्या ‘असल्यास’ची किमया बघा. सूज आमच्या कल्पनेत गेली, दिलगिरी त्यांच्याकडे राहिली.

या पत्राचा आधी एक कच्चा खर्डा झाला होता म्हणे. तक्रार विभागातल्या एका नवख्या मुलीने चक्क नर्सिंगची नोंदवही उघडली आणि लिहिलं: ‘2.10 ला बेल वाजली, सिस्टर 2.55 ला आल्या. तेवढा वेळ तुम्ही वडिलांचा हात धरून बसलात, याचं आम्हाला वाईट वाटतं. 32 खाटांना दोनच सिस्टर होत्या. 3 वाजताची ‘सुई तपासली, सूज नाही’ ही नोंद 1 वाजताच भरलेली आढळली. यापुढे सुईची जागा दर तासाला तपासून तिथेच सही होईल. ते मेट्रन स्वतः बघतील. महिन्याने काय फरक पडला ते कळवू.’

केवढा हा उथळपणा! वेळ, कारण, जबाबदार माणूस, सगळं एकाच कागदावर. उद्या लोक महिन्याने फोन करून विचारतील. विधी सल्लागारांनी वेळीच लाल पेन चालवलं, म्हणून संस्थेची अब्रू वाचली.

सुधारणा मात्र तातडीने झाली. त्या मुलीची बदली पार्किंगच्या पावत्यांवर झाली आहे. तिथे वेळ मिनिटासकट लिहावीच लागते.