इतके मोठे, मग इकडे कसे?

"तुम्ही या जागेसाठी जरा जास्तच आहात." मुलाखतीत हे वाक्य ऐकून माणूस घरी येतो आणि बायकोला सांगतो, माझं कौतुक झालं. कौतुक कसलं? तो नकार होता.

आणि नकाराचं खरं कारण त्या वाक्यात नव्हतंच.

तुम्हाला जास्त येतं म्हणून कुणी नाकारत नाही. जास्त येणारा माणूस कमी पैशांत मिळाला तर कोणत्या कारखानदाराला नको असेल? समोरच्याच्या मनात वेगळंच असतं. हा चार महिन्यांत निघून जाईल. पगारावरून कुरकुर करील. माझं ऐकणार नाही. आणि वीस वर्षं केबिनमध्ये बसलेल्याचा हात अजून चालतो का? हे तोंडावर बोलायची सोय नाही, म्हणून 'जास्त आहात'.

न विचारलेल्या या प्रश्नांची उत्तरं द्यायची कुणी? अर्ज करणाऱ्यानेच. दुसरं कोण देणार?

माझा एक शाळासोबती आहे. वय ५२, नोकरी २७ वर्षं, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी हेड. हाताखाली साठ माणसं, पगार वर्षाला ३४ लाख. कोल्हापुरात आई एकटी, ऐंशी पार केलेली. तिला पुण्याला आणून पाहिलं, ती पंधरा दिवसांत परत गेली. मग हाच निघाला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत सीनियर क्वालिटी इंजिनियरची जागा होती. अनुभव सहा ते दहा वर्षं, पगार १२ ते १४ लाख.

पहिला अर्ज वेबसाइटवरून गेला. उत्तर नाही. दुसरा गेला. उत्तर नाही.

येणार कुठून? एचआरवाला संगणकाला सांगतो, सहा ते दहा वर्षंवाले दाखव. सत्तावीसवाला त्या यादीत येतच नाही. त्याला कुणी नाकारलेलं नसतं, त्याला कुणी पाहिलेलंच नसतं. अशा वेळी पोर्टलवर आणखी चाळीस अर्ज टाकणं म्हणजे बंद दुकानाचं शटर वाजवणं. ज्याच्या विभागात जागा आहे त्या माणसापर्यंत थेट पोचावं लागतं. माझ्या मित्राचा एक जुना ज्युनियर त्याच फाउंड्रीला टूलिंग पुरवत होता. त्याच्यामार्फत क्वालिटी मॅनेजरला बायोडेटा गेला.

इथे कुणीतरी शहाणा सल्ला देतोच. वर्षं कमी दाखव, हुद्दा गाळ.

मुळीच नको. पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण आठवा. ओडिशात शिपायाच्या जागा निघाल्या, अट अशी की उमेदवार बारावी झालेला असावा, पण पदवीधर नसावा. एकाने पदवी सांगितलीच नाही. निवड झाली, पुढे पदवी उघडी पडली आणि बँकेने त्याला घेतलं नाही. उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, पण नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. महत्त्वाची माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येत नाही, असं बजावलं. तो खटला शिकलेल्या माणसाने काम मागितल्याचा नव्हता, लपवल्याचा होता. खासगी नोकरीत तर पीएफच्या यूएएनवर कुठल्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सुटलात ते सगळं दिसतं.

लपवायचं नाही. क्रम बदलायचा.

त्याच्या जुन्या बायोडेटाची पहिली ओळ होती, 'तीन प्लांटच्या गुणवत्ता विभागाचे नेतृत्व'. फाउंड्रीच्या मॅनेजरने हे वाचून काय समजायचं? की हा माणूस उद्या माझ्या खुर्चीत बसेल. नव्या बायोडेटात वरच्या अर्ध्या पानावर हाताने केलेलं काम आलं. कास्टिंगमधल्या सच्छिद्रतेवर स्वतः केलेली दोन कामं, ग्राहकाच्या तक्रारींना स्वतः लिहिलेली उत्तरं, स्वतः बसवलेलं गेजिंग. हुद्दा खाली गेला, पण जसा होता तसाच राहिला. आणि नावाखाली दोन वाक्यं: 'आई कोल्हापुरात असल्याने कायमचा कोल्हापूरला येत आहे. माणसं सांभाळण्याचं नव्हे, इंजिनियरचं काम मागत आहे आणि या जागेचा जाहीर झालेला पगार मला मान्य आहे.'

दोन वाक्यांत तीन शंका मिटल्या. हे सांगायला लोक का लाजतात, मला कळत नाही.

आता मुलाखत. मॅनेजर ३८ वर्षांचा. पहिलाच प्रश्न, "सर, इतके मोठे, मग इकडे कसे?"

या प्रश्नावर भले भले पडतात. 'आता जरा शांत काम हवंय' म्हणालात, की समोरच्याला आरामखुर्ची दिसते. 'कोणतंही काम करीन' म्हणालात, की तिकडून हाकललेला वाटता. 'पगाराचं काही नाही हो' हे तर सगळ्यात वाईट. पगाराचं काही नाही असं म्हणणाऱ्यावर आजवर कुणी विश्वास ठेवलाय?

मित्राने आकडा सांगितला. घराचं कर्ज फिटलंय, मुलीचं शिक्षण झालंय, कोल्हापुरात घर स्वतःचं. महिन्याचा खर्च पंचावन्न हजार, त्यात आईची औषधं आणि दिवसभराची बाई धरून. वर्षाचे साडेसहा-सात लाख. तुमचे १३ लाख सीटीसीचे आहेत, त्यातून कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा करूनही मला पुरून उरतात. हिशेब ऐकला की माणूस मान डोलावतो. त्यागाची गोष्ट ऐकली की घड्याळाकडे बघतो.

तेव्हा हा हिशेब आधी घरी मांडा. तो बसत नसेल तर अर्जच करू नका. सहा महिन्यांनी तुम्ही खरोखरच निघून जाल आणि समोरच्याची भीती खरी ठरेल.

राहिला प्रश्न हाताचा. आणि इथे पाहा, मॅनेजरची शंका रास्त होती!

मित्र बोलताना दोनदा 'आरपीएन' म्हणाला. बिघाड किती गंभीर, किती वेळा होतो, किती सहज पकडला जातो, या तिन्हींना एक ते दहा गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा, ही जुनी रीत. तिच्यातली खोट अशी की नऊ, दोन, तीनचा गुणाकार ५४ आणि तीन, सहा, तीनचाही ५४. ब्रेक निकामी होणं आणि रंगावर ओरखडा येणं एकाच आकड्यावर बसतं. म्हणून २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकने गुणाकार बाजूला ठेवला आणि तिन्ही गुण एका तक्त्यात पाहून प्राधान्य ठरवायची पद्धत आणली. माझ्या मित्राने त्या वर्षापासून अशा कागदांवर फक्त सह्या केल्या होत्या.

मॅनेजर काही बोलला नाही. त्याने फक्त टिपून ठेवलं.

गंज दिसतो तो असा, एका शब्दातून. अर्ज करण्याआधी आपल्या कामातलं गेल्या पाच-सात वर्षांत काय बदललं ते खाली काम करणाऱ्या पोरांकडून शिकून घ्यावं, ते यासाठी. मित्राने गेज हाताळायची सवय केली होती, दोन शनिवार ओळखीच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून. हे मात्र राहून गेलं. त्याने तिथेच सांगून टाकलं, "नवी पद्धत मी वाचली आहे, हाताने केलेली नाही. महिना लागेल."

मग मॅनेजरने कापलेलं कास्टिंग टेबलावर ठेवलं. मशीनिंग झाल्यावर बोअरमध्ये भोकं उघडी पडलेली. "सांगा."

मित्राने मोबाइलचा टॉर्च लावला आणि तुकडा तिरका धरला. भोकाची भिंत गुळगुळीत होती, गोलसर, चकाकणारी. तशी असली की वायू अडकलेला. धातू आकसून झालेली पोकळी खडबडीत असते, आतून दाणेदार, आणि बहुधा जाड भागात सापडते. दोन्हींचे उपाय वेगळे. आकसण्याला रायझर बघायचा, वायूला वाळूतला ओलावा आणि कोअरची हवा जायची वाट. त्याने विचारलं, "हे कुठल्या महिन्यातलं?"

"जुलै."

"कोअर बनवून किती तास ठेवले होते?"

मॅनेजरने खुर्ची पुढे ओढली. कोल्हापूरचा जुलै, पावसाची झड आणि रात्रभर उघड्यावर ठेवलेले कोअर. पुढची वीस मिनिटं हुद्द्याचा विषय निघाला नाही.

उठताना तोच म्हणाला, "सर, एक विचारू? माझा निर्णय पटला नाही तर काय कराल?"

"एकदा सांगीन, केबिनमध्ये, दार लावून. मग तुम्ही म्हणाल तसं करीन. आणि आधी ते 'सर' बंद करा." त्याने चाकणच्या एका जुन्या ज्युनियरचा नंबरही दिला. साहेबाची शिफारस सगळेच देतात. हाताखालच्याचा नंबर किती जण देतात?

हे सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. ग्रेड घट्ट असलेल्या मोठ्या कंपनीत मॅनेजरला हवा असलेला माणूसही वर अडतो. काही ठिकाणी 'जास्त आहात' याचा अर्थ 'म्हातारे आहात' एवढाच असतो आणि खासगी नोकरीत वयावरून नाकारू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ओळखायचं कसं? टिकाल का, पगार चालेल का असं विचारत असतील तर शंका आहे, तिला उत्तर देता येतं. कामाचं एकही विचारत नाहीत आणि 'आमची टीम फार तरुण आहे' हे दोनदा सांगतात, तिथे चहा प्या आणि निघा.

आणखी एक. स्वतःच्याच कंपनीत खालची जागा मागणार असाल तर कागद आधी तपासा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात. पंचवीस वर्षं वरच्या पगारावर काढून शेवटचं वर्ष खालच्या पगारावर काढलंत, तर सगळीच वर्षं खालच्या आकड्याने मोजली जाऊ शकतात. मित्र कंपनी बदलत होता, म्हणून त्याचे जुने पैसे जुन्या पगाराने सुटले.

त्याला १३ लाख २० हजारांचं पत्र आलं, सहा महिने प्रोबेशन. काल रात्री साडेनऊला फोन केला तर म्हणाला, उद्या बोलू, पहिली पाळी आहे, आणि पाऊस आहे म्हणून सहाच्या आत कोअर शॉपला पोचायचंय.