चौतीस जणांना काढतोय, एवढंच

मुंबईत हल्ली कोणाची नोकरी जात नाही. कंपन्यांची पुनर्रचना होते, संघ चपळ होतात, भूमिका बदलतात आणि माणसं 'पुढच्या प्रवासाला' निघतात. प्रवासाचं तिकीट मात्र त्यांनीच काढायचं असतं. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेसुद्धा भविष्यासाठी सज्ज होण्याच्या नावाखाली. निदान आकडा तरी सांगितला. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांत तोही कँटीनमधूनच कळतो.

आमच्या शीव कोळीवाड्याच्या इमारतीत एक मॅनेजर राहतात. गुरु तेग बहादूर नगर स्टेशनवरून रोज हार्बर पकडतात आणि परळला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत जाऊन बसतात. परवा ते लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. सोमवारी अकरा वाजता त्यांना टाऊन हॉलमध्ये उभं राहून भाषण वाचायचं होतं. एचआरने मसुदा पाठवला होता आणि तो मराठीत नीट करून देणं हे काम शेजारधर्म म्हणून माझ्याकडे आलं.

मसुदा एक पानाचा होता. त्यात 'प्रवास' चार वेळा, 'परिवार' तीन वेळा आणि 'कठीण पण आवश्यक' दोनदा होतं. किती जण जाणार, हे कुठेच नव्हतं. मी विचारलं, "किती?" ते म्हणाले, "दोनशे बारातले चौतीस." मी म्हटलं, "मग हे लिहा." ते म्हणाले, "लिहिलं तर लोकांना कळेल ना!"

कोळीवाड्याच्या बाजारात मावशी कालच्या बांगड्याला 'कालचा आहे' म्हणते आणि भाव उतरवते. त्याला 'अनुभवसंपन्न बांगडा' म्हणायचं तिच्या डोक्यातही येत नाही, कारण उद्या पुन्हा तेच गिऱ्हाईक समोर उभं राहणार असतं. कंपनीला ती भीती नसते. तिचं गिऱ्हाईक शुक्रवारी ओळखपत्र परत देऊन जाणार असतं.

तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा आले. ते लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तिशीत होते. त्यांनी मसुदा वाचून घेतला आणि म्हणाले, "यापेक्षा आमची गेटवरची नोटीस बरी. गिरणी बंद म्हणजे बंद, चार ओळीत." मग थोडं थांबून म्हणाले, "पण देणं कधी मिळेल ते त्या चार ओळीत नसायचं." ते खरंच आहे. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. 'बंद' स्पष्ट सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं असं होत नाही, हे लालबाग-परळला शिकवायची गरज नाही.

म्हणून आम्ही आधी ठरवलं की सोमवारच्या भाषणात चार गोष्टी आल्याच पाहिजेत: निर्णय कोणाचा, माणसं किती, कोणाला कधी कळणार आणि हातात काय पडणार. बाकी हळहळ वगैरे वेळ उरला तर. मग मॅनेजरसाहेबांनी बोलायचं आणि मी लिहायचं, असं करत मसुदा तयार झाला. तो असा:

"नमस्कार. आपल्या कंपनीतल्या २१२ जणांपैकी ३४ जणांना आपण काढतोय. त्यांची काही चूक नाही. आपल्याला तीनातला एक रुपया देणारा क्लायंट गेला, हे एक कारण. दुसरं कारण असं की तो जाणार असल्याची कुणकुण असतानाही गेल्या वर्षी आपण भरती चालू ठेवली. ही चूक संचालकांची आणि माझी आहे.

निर्णय संचालक मंडळाचा आहे, यादी मी केली आहे. म्हणून 'वरून आलंय' असं मी कोणाला सांगणार नाही. एकाच प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम पाळला आहे. तो जिथे मोडला, तिथे कारण लेखी ठेवलंय आणि ते संबंधिताला वाचायला मिळेल.

आज दुपारी चार वाजेपर्यंत त्या ३४ जणांशी मी आणि एचआर स्वतंत्र बोलू. चार वाजेपर्यंत बोलावणं आलं नाही, तर तुमचं नाव यादीत नाही. नावं इथे वाचणार नाही. कोणाचाही लॅपटॉप आज बंद होणार नाही. शुक्रवारपर्यंत निरोपाची पत्रं पाठवा, आपले फोटो उतरवून घ्या.

कोणाकडूनही राजीनामा मागितला जाणार नाही. कोणी मागितला तर देऊ नका आणि मला सांगा.

यापुढे कपात होणार नाही, असं वचन मी देत नाही. मार्चअखेर दुसऱ्या मोठ्या क्लायंटचं कंत्राट संपतंय. ते टिकलं की नाही, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथेच सांगेन.

उरलेल्या १७८ जणांवर ३४ जणांचं काम लादायचं नाही. कोणते तीन अहवाल आणि कोणत्या दोन बैठका आजपासून बंद, त्याची यादी बाहेर लावली आहे. संचालकांचा पगार कमी झालेला नाही. मी विचारलं होतं. विषय पुढच्या बैठकीवर गेला."

एवढं झाल्यावर मॅनेजरसाहेब पाणी प्यायले. आजोबा म्हणाले, "राजीनाम्याचं वाक्य दोनदा वाचा."

ते वाक्य बाकी सगळ्या भाषणाइतकं जड का आहे, हे पैशांत सांगतो. यादीतला एक कर्मचारी धरा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार, नोकरी पुरी आठ वर्षं. पाच वर्षं झाली असल्याने ग्रॅच्युइटी मिळणारच: २६ हजार भागिले २६, गुणिले १५ म्हणजे वर्षाला १५ हजार, आठ वर्षांचे १ लाख २० हजार. कंपनीने त्याला कामावरून कमी केलं, तर त्यावर नुकसानभरपाई येते: प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. अर्धा महिना १३ हजार धरला तर १ लाख ४ हजार. एक महिन्याची नोटीस, किंवा तिच्याऐवजी २६ हजार. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे १३ हजार. बेरीज २ लाख ६३ हजार.

आता त्याच माणसाला आतल्या खोलीत बसवून प्रेमाने सांगितलं की "तुमच्या पुढच्या करिअरसाठी राजीनामा बरा दिसेल," आणि त्याने सही केली, तर? ग्रॅच्युइटी राहते, बाकीचं जातं. नोटीसही उलट त्यानेच द्यायची. त्या एका सहीची किंमत १ लाख ४३ हजार रुपये. चौतीस जणांत अशा सह्या गोळा केल्या, की 'सन्मानाने निरोप' या शब्दांचा दर काय पडतो, त्याचा हिशेब वाचकांनी करावा.

यात एक मेख आहे. ही भरपाई कायद्याच्या भाषेत जो 'कामगार' ठरतो त्यालाच. व्यवस्थापन करणारा त्यात येत नाही, आणि देखरेखीचं काम करून महिन्याला १८ हजारांहून जास्त घेणाराही येत नाही. म्हणून तर आपल्याकडे ज्याच्या हाताखाली प्रिंटरसुद्धा नाही, तोही 'असिस्टंट मॅनेजर' असतो. पण नुसत्या हुद्द्याने कोणी व्यवस्थापक होत नाही. दिवसभर काय काम करतो, ते पाहतात. हा हुद्दा बढती म्हणून पेढ्यांसकट मिळालेला असतो आणि कपातीच्या दिवशी तो का मिळाला होता ते कळतं.

भाषण रविवारी एचआरकडे गेलं. संध्याकाळी उत्तर आलं. 'काढतोय' नको, नकारात्मक वाटतं. 'चूक' नको, वकील म्हणतात. 'चार वाजेपर्यंत' नको, बांधिलकी होते. 'निर्णय संचालक मंडळाचा आहे' यावर नुसतीच काट. संचालकांच्या पगाराचं वाक्य तर कोणी टाकलं, अशी चौकशीच सुरू झाली. 'नमस्कार' राहिला, त्यावर कायदा विभागाचा अभिप्राय यायचा होता.

मला या सगळ्यात निर्णय कोणाचा हे सांगणाऱ्या वाक्यावरची ही काट जास्त बोलकी वाटली. गुळगुळीत भाषा लोकांची मनं जपण्यासाठी असते, असं सांगतात. ती खरं तर कर्ता लपवण्यासाठी असते. 'पुनर्रचना होत आहे', जसा पाऊस होतो. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १९०० जणांना कमी करायचं जाहीर केलं. गणवेशातली मुलंमुली रस्त्यावर आली, राजकारण तापलं, आणि दोन दिवसांत अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. निर्णय व्यवस्थापनाचा होता, आपल्याला नंतर कळला, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्या कंपनीत १९०० माणसं काढण्याचा निर्णय नेमका कोणाचा हे अध्यक्षांनाच नंतर कळतं, तिथे परत घेतल्याचा आनंद किती दिवसांचा? १७ एप्रिल २०१९ ला तिची विमानं थांबली. मायेने मागे घेतलेल्या निर्णयातही माणसं आणि पैसे यांचा हिशेब मांडावा लागतो. तो मांडला नाही, तर तो पुढे ढकलला जातो, व्याजासकट.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "मग मी वाचू कोणतं?" मी म्हटलं, दोन्ही मसुदे एका परीक्षेला बसवा. ज्याची नोकरी गेली तो संध्याकाळी घरी जाणार. घरी तीनच प्रश्न येणार: शेवटचा पगार कधी, एकूण किती मिळणार, आणि आईच्या दवाखान्याचं कार्ड कधीपर्यंत चालणार. आपल्या मसुद्यात 'हातात काय पडणार' हे राहिलंय, त्याला लगेच तीन ओळी जोडा: राहिलेला पगार नोकरी संपल्यापासून कामाच्या दोन दिवसांत, कारण नवी वेतन संहिता तसं सांगते, एकूण किती मिळणार त्याचा लेखी हिशेब प्रत्येकाच्या हातात, त्यातली ग्रॅच्युइटी तीस दिवसांत, आणि मेडिक्लेम कोणत्या तारखेला बंद होतो ती तारीख, म्हणजे त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी आधीच अर्ज करता येईल. मग तो माणूस घरी तिन्ही उत्तरं देऊ शकतो. रडारड होईल, पण हिशेब करून होईल.

एचआरचा मसुदा ऐकून घरी गेला, तर बिचाऱ्याकडे सांगण्यासारखं एकच असेल: "अगं, आम्ही चपळ झालो." आणि बायको विचारेल, "म्हणजे उद्या डबा करायचा की नाही?"