यंत्रमास्तरांची हजेरी

तीनशे शब्दांची विज्ञानकथा, भविष्यातला वर्ग, वाचक पंधरा वर्षांचे. काम माझ्या प्रतिभेला जरा लहानच पडणार, असं वाटून मी हो म्हटलं आणि आधी टोपणनावाच्या मागे लागलो.

टोपणनावाला आपल्याकडे थोर परंपरा आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं फक्त उलटी फिरवलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. नावाकडे पाहून निकाल लागू नये, एवढाच हेतू. माझ्या नावाने कुठलाच निकाल फिरण्याची भीती नव्हती, तरी मी आद्याक्षरं उलटी करून कागदभर सह्या केल्या.

कथा त्यामानाने पटकन झाली. साल 2157, आमचं बैहर, नववीचा वर्ग. कधीच न दमणारे गुरुजी. शेवटी त्यांच्या पाठीवरचं झाकण उघडतं!

भाचीने वाचलं. “मामा, न दमणारे म्हटलंस तिथेच कळलं. आणि साल आमच्या धड्यातलं ढापलंस.”

धडा आयझॅक असिमोव्हचा, 1951 सालचा. नववीच्या इंग्रजी पुस्तकात अनेक वर्षं पहिलाच. त्यात मार्जीचा यंत्रमास्तर बिघडतो, कारण त्याचा भूगोलाचा भाग फार जोरात चालत असतो. पण तिथे यंत्र लपवलेलंच नाही. पूर्वी मुलं एकत्र बसून शिकायची, याचा मार्जीला हेवा वाटतो, आणि धक्का बसतो तो तिथे.

“खूण वाचकासमोर ठेवायची, फक्त त्याने तिचा अर्थ चुकीचा लावला पाहिजे,” असं म्हणून भाचीने माझी कथा खोडली आणि स्वतःची लिहिली.

पहिला प्रसंग. शाळेत यंत्रमास्तर. सपाट आवाजात हजेरी.

दुसरा. जंगलाकडच्या गावातून पायी आलेली पोर बाकावर झोपते. यंत्र आवाज बारीक करतं. मधल्या सुट्टीत ते चार्जिंगच्या खोलीत जातं. आतून भज्यांचा वास.

तिसरा. तपासणीला साहेब येतात. यंत्र शिंकतं. सगळा वर्ग गप्प. मग पहिल्या बाकावरून आवाज: “साहेब, नवीन अपडेट आलंय.”

मंजूर झालेलं यंत्र कधी आलेलंच नसतं. त्या जागेवर अतिथी शिक्षक असतो, आणि वर्गाला ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

मी मोठ्याने हसलो, पण हसू फार टिकलं नाही. आमच्या इकडे हे 2157 साल कधीच उजाडलंय. पूर्ण शिकवायचं, पण शाळेत पाहुणा म्हणून. पुढच्या सत्रात आपण असू की नाही, हे त्या शिक्षकालाही ठाऊक नसतं. त्याला सांभाळून घ्यायचं काम कथेत तरी पोरांनी केलं.

कथा तिच्याच नावाने पाठवली. स्वच्छ प्रत मात्र मी लिहून काढली. नारळीकर होणं जमलं नाही. मंगलाताईंची जागाही काही लहान नव्हे.